ग्रुपवर हळूहळू गप्प झालेल्या मित्राला काय लिहावं? (नागपूर)

अंबाझरीकर · ४ जानेवारी, रात्री ११.१०

आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे, इंजिनीअरिंग कॉलेजपासूनचा. सगळे चाळिशी ओलांडलेले. दोघं पुण्याला, एक दुबईत, बाकी सहा जण नागपुरातच. त्यातल्या एकाबद्दल लिहितोय. खरं नाव देत नाही, नंदू म्हणू या.

रविवारी सकाळी सव्वासहाला "उठले का बे?" हा मेसेज नंदूचाच असायचा. मग साडेसातला कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे. गणपतीपर्यंत हे नीट चाललं. मग "उठले का बे" बंद झालं. आम्हाला वाटलं, ऑफिसचा व्याप असेल. पण त्याची उत्तरंही आखडत गेली. आधी चार ओळी लिहायचा, मग एक, मग नुसता अंगठा. दिवाळीला सगळ्यांच्या शुभेच्छांवर मिळून एकच जोडलेले हात. नोव्हेंबर संपला आणि तेही थांबलं. त्याने ग्रुप सोडलेला नाही, कोणाशी भांडणही झालेलं नाही.

माझ्याकडून एक चूक होते आहे. रोज रात्री मी ग्रुपवरच्या माझ्या मेसेजवर बोट दाबून ठेवतो आणि त्याने वाचलं की नाही ते बघतो. त्याचं नाव वाचलेल्यांत नसतं, फक्त पोचलेल्यांत असतं.

त्याला पाठवायला हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही:

"काय बे नंदू, कुठे गायब झाला? तीन महिने झाले, ग्रुपवर एक शब्द नाही. आमच्यावर राग आहे का? सगळं ठीक ना? सगळे विचारून राहिले. फोन कर लवकर."

वाचलं की काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही. त्याला ओशाळं वाटू नये एवढंच मला हवंय. सांगाल का?

इतवारीवाला · ४ जानेवारी, रात्री ११.३२

तुम्ही अ‍ॅडमिन आहात का? असाल तर सरळ काढून टाका, गाजावाजा करू नका. आमच्या व्यापारी ग्रुपवर आम्ही दर सहा महिन्यांनी न बोलणारे काढतो, कोणी मनाला लावून घेत नाही. आता तर माणूस स्वतःहून बाहेर पडला तरी त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनलाच जाते. त्यालाही तेच सोयीचं पडेल.

अंबाझरीकर · ४ जानेवारी, रात्री ११.४०

भाऊ, मला त्याला काढायचं नाही. तो परत यावा, आणि नाही आला तरी माझा मित्र राहावा, यासाठी विचारतोय.

तर्री_मारके · ५ जानेवारी, सकाळी ८.०५

अंबाझरीकर भाऊ, येवढा इचार काहून करून राहिले? मेसेज-फिसेज सोडा. रविवारी तुम्ही पाच जण गाड्या काढा, दोन किलो पोहे बांधून घ्या न् धडका त्याच्या घरी. मांगं आमचा एक दोस्त असाच गप झाला होता. आम्ही त्याले घरातून उचलून आणलं, तेलंगखेडीच्या हनुमानापाशी नेऊन बसवलं, तवा कुठं तो मोकळा झाला. मानूस मानसाले भेटला पाह्यजे, फोनवर काही होत नाही.

मोबाईलवाला_बर्डी · ५ जानेवारी, सकाळी १०.२०

माझं बर्डीवर रिपेअरिंगचं दुकान आहे. पोचलं पण वाचलं नाही, यावरून काही ठरवू नका. ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकला की तो मुख्य यादीतून निघून जातो, माणूस उघडतच नाही, आणि तिकडे तुम्हाला नुसतं पोचलेलं दिसत राहतं. कित्येक जण सगळेच ग्रुप तसे टाकतात. कोणी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घेतो, तोही वाचलेल्यांत येत नाही.

आणखी एक सांगतो. त्याला आवाजी मेसेज पाठवू नका. निळी खूण सेटिंगमधून बंद करता येते, पण ती बंदी ग्रुपवर लागू होत नाही आणि आवाजी मेसेजलाही नाही. तो ऐकला की पाठवणाऱ्याला माइक निळा दिसतो. म्हणजे त्याने ऐकलं की तुम्हाला कळणार, आणि तुम्हाला कळलं हे त्यालाही माहीत असणार. आधीच तोंड लपवून बसलेल्या माणसाला ते ओझं कशाला? साधं लिहून पाठवा.

माई_धंतोली · ५ जानेवारी, दुपारी ३.४५

अंबाझरीकर, मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते. सव्वीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचा मजकूर तुम्हाला का खटकतो, ते मला जसं दिसतं तसं सांगते.

त्यात तीन प्रश्न आहेत आणि शेवटी एक हुकूम. ज्याला "उठले का बे" लिहायचंही त्राण उरलेलं नाही, त्याने एवढ्या सगळ्याला उत्तर द्यायचं. "तीन महिने झाले" हा हिशेब आहे. तो वाचला की माणूस आधी स्वतःच्या बचावाची तयारी करतो. "राग आहे का" यात तुम्ही तुमची काळजी त्याच्या पदरात टाकता. आता त्याने आधी तुमची समजूत काढायची, मग स्वतःचं बघायचं. आणि "सगळे विचारून राहिले" या तीन शब्दांनी त्याला कळतं की त्याच्या पाठीमागे त्याचीच चर्चा चालते. तुमच्या मनात यातलं काहीही नाही, हे मला दिसतंय. पण त्याच्या हातात फक्त शब्द पडणार आहेत.

गप्प राहण्याची एक गंमत नसलेली गोष्ट अशी की ती दिवसागणिक महाग होते. पहिल्या आठवड्यात "अरे, विसरलो" म्हणून भागतं. तीन महिन्यांनी परत यायचं तर कारण द्यावं लागेल असं वाटतं. कारण सांगवत नाही म्हणून माणूस आणखी थोडे दिवस थांबतो, मग कारण आणखी मोठं लागतं. तुमचं काम एवढंच की त्याला कारण न देता आत येता यावं.

आता मला दोन गोष्टी सांगा. तो तुमच्या एकट्याच्या मेसेजला उत्तर देतो का? आणि ज्या सुमाराला तो पुरता गप्प झाला, त्या आठवड्यात ग्रुपवर काय चाललं होतं? मागे जाऊन वाचा. त्याचे मेसेज नका शोधू, तुमचे सगळ्यांचे वाचा.

तर्री_मारके, भेटीला पर्याय नाही हे तुमचं बरोबर आहे. पण न कळवता पाच जण दारात उभे राहिले की घरातल्यांसमोर त्याला हसून दाखवावं लागेल. त्याने घरी काय सांगितलंय, काय नाही, हे आपल्याला ठाऊक नाही.

तर्री_मारके · ५ जानेवारी, सायंकाळी ६.१५

माई, आमचा दोस्त तर खुश झाला होता. पन घरच्याइचं मी ध्यानात घेतलं नव्हतं, हे खरं.

अंबाझरीकर · ६ जानेवारी, रात्री १२.२०

माई, मागे जाऊन वाचलं. आता झोप येत नाही म्हणून लगेच लिहितोय.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही डिसेंबरच्या पेंच सहलीचं ठरवत होतो. माणशी साडेचार हजार. ज्याच्याकडे हिशेब असतो त्याने ग्रुपवर नावांची यादी टाकली, ज्याचे पैसे आले त्याच्यापुढे हिरवी खूण. दर दोन दिवसांनी तीच यादी नवी करून पुन्हा. शेवटी आठ नावांपुढे खूण आणि एका नावापुढे काही नाही. ती यादी पाच वेळा पडली. चौथ्या वेळी कोणीतरी खाली लिहिलं, "एक विकेट बाकी." त्यावर हसणारे चेहरे, त्यातला एक माझा.

नंदूने यादी पाचव्यांदा पडायच्या आदल्या रात्री लिहिलं होतं, "मला जमणार नाही, तुम्ही जाऊन या." त्याचा ग्रुपवरचा शेवटचा मेसेज तो. त्यावर कोणी काही बोललं नाही, कारण लगेच खाली जिप्सीच्या बुकिंगची चर्चा सुरू झाली.

तो बुटीबोरीला एका कंपनीत आहे. किंवा होता. मला माहीत नाही, हेच आज लक्षात आलं.

एकट्याला मी त्याला मकरसंक्रांतीचे, दिवाळीचे फॉरवर्ड सोडून काही पाठवलेलंच नाही. शेवटचा खरा मेसेज जूनमधला आहे.

हिशेबनीस · ६ जानेवारी, सकाळी ९.३०

यादीत चूक काय झाली ते मला कळलं नाही. मीही आमच्या सोसायटीचे आणि मित्रांचे दोन्हीकडचे पैसे सांभाळतो. यादी उघड नसेल तर उद्या लोक म्हणतील, याने खाल्ले. पैसे मागणं म्हणजे अपमान नव्हे.

माई_धंतोली · ६ जानेवारी, दुपारी १२.१०

अंबाझरीकर, ते हसणं मनाला लावून घेऊ नका आणि त्याबद्दल त्याची माफीही मागू नका, निदान आत्ता तरी नाही. पैशांचीच अडचण आहे हे अजून ठरलेलं नाही. सहल नको असण्याची शंभर कारणं असू शकतात. तुम्ही "त्या यादीबद्दल सॉरी" लिहिलंत आणि कारण दुसरंच निघालं, तर तुम्ही त्याच्या खिशाबद्दल अंदाज बांधत होता एवढंच त्याला कळेल. आणि अंदाज खरा निघाला तर जे त्याला झाकायचं होतं ते उघडं पडेल. जे कळलं ते स्वतःजवळ ठेवा आणि त्याने वागणं बदला. त्याला अशा ठिकाणी बोलवा जिथे खर्च होत नाही. साडेचार हजारांचं नाव कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका.

हिशेबनीस, पैसे मागण्यात अपमान नाही, मान्य. पण आठ खुणा आणि एक मोकळी जागा हे पाच वेळा सगळ्यांसमोर दिसलं, हेही खरंच ना?

गुलमोहर · ६ जानेवारी, रात्री १०.५०

मी बहुतेक विषय सोडून बोलते आहे, पण राहवत नाही. त्या मोकळ्या जागेवर मी होते. माझ्या बाबतीत कारण पैशांचं नव्हतं.

आमचा शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, बारा जणी. माझे आयव्हीएफचे दोन प्रयत्न फसले तेव्हा ग्रुपवर एकीचं बारसं, दुसरीच्या मुलीचा पहिला वाढदिवस, तिसरीचं डोहाळजेवण असं ओळीने चालू होतं. कोणाचीच चूक नव्हती. मी आधी फुलं पाठवायची, मग अंगठा, मग काही नाही.

माझ्या वाढदिवसाला त्यांनी ठरवून एकाच दिवशी मेसेज केले. "कुठे हरवलीस गं", "आम्हाला विसरलीस", "खूप मोठी झालीस का आता". अकरा मेसेज. प्रेमानेच केले होते, मला आजही माहीत आहे. मी फोन साडीच्या कपाटात ठेवून दिला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

एक मैत्रीण मात्र वेगळी वागली. ती पूर्वीही फार बोलायची नाही. ऑगस्टमध्ये तिने मला एकटीला विचारलं, "सांडग्यांचं पीठ सैल झालंय, काय घालू?" माझ्या हातचे सांडगे सगळ्यांना माहीत आहेत. मी लिहिलं, मुगाची डाळ भरड वाटून घाल. बस, एवढंच. सात महिन्यांत मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. तिने "कुठे होतीस" विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ताटात वाळत घातलेल्या सांडग्यांचा फोटो पाठवला. आमचं बोलणं तिथून सुरू झालं. खरं काय ते मी तिला पुढच्या मार्चमध्ये सांगितलं.

अंबाझरीकर · ७ जानेवारी, रात्री ९.१५

गुलमोहरताई, तुमचं वाचून आमच्या ग्रुपवरच्या दोघांना लगेच फोन केला. ते नंदूसाठी "वुई मिस यू" म्हणून फोटोंचा व्हिडिओ बनवत होते. थांबवलं.

नवीन मजकूर लिहिलाय. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या डागा ले-आऊटच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरलं त्या शनिवारी सगळ्यांत आधी नंदू आला, बूट हातात घेऊन, चिखलातून. माझं शिसवी कपाट, आजोबांचं, खालून भिजलं होतं. त्याने कुठून तरी चार विटा आणल्या आणि आम्ही दोघांनी ते कपाट उचलून त्यांच्यावर ठेवलं. ते आजही त्याच विटांवर आहे. मी हे लिहिलं:

"नंदू, आज कपाटाखाली झाडताना पुराच्या वेळी तू ठेवलेल्या विटा दिसल्या. तुझी फार आठवण आली. तू आलास म्हणून ते कपाट वाचलं, मी तुला कधी धन्यवादही म्हटलं नाही. तू कसा आहेस? बरेच दिवसांत बोलणं नाही. काहीही लागलं तर सांग, मी आहे. उत्तर नाही दिलं तरी चालेल."

माई_धंतोली · ८ जानेवारी, सकाळी ११.००

विटा सोन्यासारख्या आहेत. त्या तुमच्या दोघांच्याच आहेत आणि त्यांत तो देणारा आहे. अडचणीतल्या माणसाला सगळे देऊ लागतात, आणि आपणही कोणाच्या उपयोगी पडलो होतो हे त्याला आठवेनासं होतं.

"बरेच दिवसांत बोलणं नाही" काढा, तो हिशेब मागच्या दाराने परत आला. "कसा आहेस" काढा. याला खरं उत्तर द्यायचं तर सगळं सांगावं लागतं आणि खोटं द्यायचं तर "मजेत", आणि एकदा "मजेत" लिहिलं की पुढे खरं बोलणं अवघड होतं. "काहीही लागलं तर सांग" हे आपण सगळेच म्हणतो, पण त्यात मागण्याचं काम त्याच्याकडे जातं. "फार आठवण आली" यातला "फार" काढा.

शेवटची ओळ बघा. "उत्तर नाही दिलं तरी चालेल" म्हणजे तू उत्तर देत नाहीस हे मला माहीत आहे, असंच झालं. तुम्हाला ते बोलायचं नव्हतं ना? मजकूरच असा ठेवा की उत्तराची जागाच राहणार नाही. विटांचा फोटो आणि एक ओळ.

गुलमोहर · ८ जानेवारी, दुपारी १.२०

माई, तुमचा मान ठेवून सांगते, शेवटच्या ओळीबद्दल मला वेगळं वाटतं. मला एका चुलतबहिणीने लिहिलं होतं, "हे वाच आणि सोडून दे, उत्तर नको." मला त्याने खरंच सुटल्यासारखं वाटलं. ती ओळ नसती तर मी तो मेसेज न वाचता तसाच ठेवला असता. प्रत्येक मेसेज म्हणजे मला एक थकलेलं बिल वाटायचं तेव्हा.

माई_धंतोली · ८ जानेवारी, दुपारी ४.३०

तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत. बहुधा एवढं बघावं लागेल की दोघांमधल्या न बोलण्याचा उल्लेख त्यांच्यात आधी कधी झालाय का. झाला असेल तर ती ओळ सुटका देते, झाला नसेल तर तीच पहिला उल्लेख ठरते. अंबाझरीकरांनी ठरवावं, नंदूला ते ओळखतात.

हे माझ्या मनाचं नाही म्हणून थोडं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९६९ पासून त्यांनी नैराश्याने किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्यांपैकी अशी माणसं शोधली ज्यांनी पुढचे उपचार नाकारले होते. ती ८४३ होती. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. पत्रात काय, तर तुम्ही येऊन गेलात त्याला काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असावं अशी आशा आहे, कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आवडेल. ना प्रश्न, ना तपासणीला या म्हणून आठवण. पहिले चार महिने महिन्याला एक, मग आठ महिने दोन महिन्यांनी एक, मग तीन महिन्यांनी एक, अशी चोवीस पत्रं. पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. नंदू तसा आजारी आहे असं मी म्हणत नाही आणि एका मेसेजने तसं काही होतं असंही नाही. त्या पत्रांतून मी नोकरीत दोन गोष्टी उचलल्या. मागणी नसलेला मजकूर, आणि तो पुन्हा पुन्हा, ठरलेल्या अंतराने, उत्तर येवो न येवो. बहुतेक लोक पहिला मेसेज छान लिहितात. उत्तर आलं नाही की दुखावले जातात आणि थांबतात. गप्प बसलेल्या माणसाला वाटतंच असतं की हे थांबणार आहेत.

तेव्हा दुसरा मेसेज साधारण तीन आठवड्यांनी, वेगळ्या गोष्टीचा. पहिल्याची आठवण त्यात काढायची नाही. आणि संक्रांतीचं फॉरवर्ड त्याला पाठवू नका, तो मेसेज शंभर जणांना गेलाय हे त्याला कळतंच.

एका गोष्टीत मात्र हा सगळा हळुवारपणा बाजूला ठेवायचा. तो कधी "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" असं बोलला, आवडत्या वस्तू वाटू लागला, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं वागला, तर त्याच दिवशी जायचं आणि सरळ विचारायचं, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटं सोडायचं नाही. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो, मराठीतही बोलतात. तुम्हीही तिथे विचारू शकता, पुढे काय करू म्हणून.

अंबाझरीकर · १० जानेवारी, रात्री १०.०५

पाठवलं. फोटो आणि ही ओळ:

"नंदू, आज कपाटाखाली झाडलं. तुझ्या विटा अजून तशाच आहेत, कपाट एक सूतभरही हललं नाही."

शेवटची ओळ काढली. आमच्यात हा विषय कधी निघालाच नव्हता.

पाठवून झाल्यावर फोन बायकोकडे दिला, नाहीतर मी खुणा बघत बसलो असतो. ती म्हणाली, त्याच्या बायकोला विचारू का, तिची ओळख आहे. मी नको म्हटलं. बरोबर केलं का?

माई_धंतोली · ११ जानेवारी, सकाळी ९.४०

बरोबर केलंत. वर सांगितली तशी भीती असेल तर तिलाही विचारायचं, तेव्हा नियम नाही.

तर्री_मारके · १७ जानेवारी, सकाळी ७.५५

भाऊ, आलं का उत्तर?

अंबाझरीकर · १७ जानेवारी, सकाळी ८.३०

नाही. निळी खूण आहे. पाठवलं त्याच रात्री वाचलं होतं.

तर्री_मारके · १७ जानेवारी, सकाळी ८.४१

मंग त्याचे पैसे तुम्हीच भरून टाका न् पुढच्या सहलीले घेऊन जा. त्याले सांगूच नका. दोस्तीत येवढं चालते.

गुलमोहर · १७ जानेवारी, सकाळी ११.१०

नका हो. एक दिवस कळतंच, आणि मग सगळ्यांना कळलेलं असतं. त्याने जे मागितलंच नाही ते देऊन त्याला ऋणी कशाला करायचं?

अंबाझरीकर · १ फेब्रुवारी, रात्री ९.५०

तीन आठवडे झाले म्हणून काल दुसरं पाठवलं. मी सध्या रविवारी पोह्यांना जात नाही, अंबाझरीच्या काठाने चालायला जातो. डॉक्टरने साखर जास्त सांगितलीय म्हणून खरंच जातो, त्याच्यासाठी रचलेलं नाही. लिहिलं:

"डॉक्टरने चालायला लावलंय. रविवारी साडेसहाला अंबाझरीच्या गेटपाशी असतो, दर आठवड्याला. वाटलं तर ये, नाही जमलं तरी मी चालतोच."

आज सकाळी उत्तर आलं. पूर्ण उत्तर असं: "साखर किती?"

मी आकडा लिहिला. त्यावर त्याचा अंगठा.

मला हे वाचून रडू आलं, का ते सांगता येणार नाही.

माई_धंतोली · २ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

त्याने तुमची चौकशी केली. आता घाईने "चल, भेटू या का" लिहू नका. तुम्ही दार दाखवलंय आणि वेळही. तिथे नेमाने उभे राहा.

हिशेबनीस · २ फेब्रुवारी, दुपारी २.००

मी मागच्या महिन्यापासून विचार करतोय. आमच्या ग्रुपची यादी आता टाकत नाही. प्रत्येकाला वेगळा मेसेज करतो आणि ग्रुपवर फक्त एकूण जमा लिहितो. पण दोघांनी कुरकुर केली, कोणाचे आले नाहीत ते आम्हाला कळायला हवं म्हणाले. कोणाकडे बरा उपाय आहे का?

मोबाईलवाला_बर्डी · २ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१५

सहल ठरवतानाच विचारा, ग्रुपवर नाही, एकेकट्याला: येणार का? जे हो म्हणतील त्यांचाच नवा ग्रुप करा आणि त्यात यादी टाका. न येणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही.

हिशेबनीस · २ फेब्रुवारी, रात्री ८.४०

मग जुन्या ग्रुपवर शांतता पसरते आणि उरलेल्याला बरोबर कळतं की बाकीचे दुसरीकडे बोलताहेत. आमच्याकडे तसंच झालं होतं.

अंबाझरीकर · १५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

मागच्या रविवारी तो आला नव्हता. आज आला.

सहा चाळीसला गाडी लावून उभा होता, मीच दहा मिनिटं उशिरा पोचलो. दाढी वाढलेली, बारीक झालाय. मी "आलास" म्हटलं आणि चालायला लागलो. अर्धी वाट कोणी काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, मेटफॉर्मिन चालू केलं का. मग त्याच्या वडिलांच्या गुडघ्यावर बोललो. मग पाण्यावर बगळे होते ते बघत थांबलो. ग्रुपचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. नोकरीचं तो एकदाच बोलला, "सध्या घरीच आहे." मी "बरं" म्हटलं आणि पुढचं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

गेटबाहेर टपरीवर चहा घेतला. पैसे त्याने दिले, मी देऊ दिले.

गुलमोहर · १५ फेब्रुवारी, दुपारी १.०५

ते चहाचे पैसे देऊ दिलेत, फार बरं केलंत.

माई_धंतोली · १५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.५०

"सध्या घरीच आहे" हे त्याने स्वतःहून सांगितलं. पुढच्या खेपेला तुम्ही एवढं विचारू शकता, "घरी बसून दिवस कसा जातो?" नोकरीचं काय झालं ते विचारू नका, दिवसाचं विचारा. झोप, जेवण कसं आहे ते त्यातून कळेल. महिनाभर झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे चल म्हणायची वेळ आली असं समजा, आणि सोबत तुम्ही जा.

तर्री_मारके · १५ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

आता ग्रुपवर टाका ना, नंदू भेटला म्हनून! फोटो काढला का?

अंबाझरीकर · १५ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

नाही काढला. ग्रुपवर सांगितलंही नाही. बाकीच्यांपैकी एकालाच माहीत आहे, तो पुढच्या वेळी येऊ का विचारत होता. त्याला म्हटलं, थोडं थांब.

अंबाझरीकर · २२ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

आज नंदू आला नाही. मी दोन फेऱ्या मारून घरी आलो. आल्यावर फोन बघितला तर त्याचा मेसेज, सहा पंचवीसचा: "आज नाही जमत. विटा काढू नको, पावसाळ्याआधी येऊन लेव्हल बघतो."

मी लिहिलं, "नाही काढत."

ग्रुपवर त्याने अजून काही लिहिलेलं नाही.